सहा तिकिटं, सगळी ‘सोडवलेली’: प्रायव्हेट नेटवर्कच्या एस्कलेशनच्या नोंदी

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आल्या आल्या बॅकअपचा रिपोर्ट लाल. शनिवारी रात्री आणि रविवारी रात्री, दोन्ही वेळा दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये जाणारी कॉपी सुरू झाली, कनेक्शन लागलं आणि शून्य टक्क्यावरच लटकली, एरर नाही काही नाही. लोकल कॉपी झालीये म्हणून अगदीच उघड्यावर नाही आपण, पण बाहेरची कॉपी दोन रात्री नाही म्हणजे नाही.

ping मारला तर मस्त जातोय. एसएसएच करायला गेलो तर पासवर्डपर्यंतसुद्धा पोचत नाही. `-v` लावून बघितलं, शेवटची ओळ ही, आणि मग शांतता:

```
debug1: expecting SSH2_MSG_KEX_ECDH_REPLY
```

होस्टिंगवाल्यांचा मेल होता, शनिवारी पहाटे प्रायव्हेट नेटवर्कचं मेंटेनन्स, ‘ग्राहकांवर परिणाम अपेक्षित नाही’. बरं.

तिकीट १ टाकलं. नऊ मिनिटांत उत्तर आलं, मी खूश. उत्तर असं की आम्ही तुमच्या सर्व्हरला ping करून बघितलं, पॅकेट लॉस ०%, कृपया सर्व्हर रीस्टार्ट करून ब्राउझरची कॅश साफ करा. ब्राउझर? बॅकअपला ब्राउझर कुठला? मी हे लिहीपर्यंत तिकीट ‘सोडवलं’ झालेलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिकीट २. ह्यात चूक माझी आहे आणि ती इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मेल लिहिताना ती आठवायला हवी. मी एकाच तिकिटात तीन गोष्टी कोंबल्या: बॅकअप लटकतोय, गेल्या महिन्याच्या बिलावर आपला पत्ता जुना आहे, आणि वर दीड हजार ओळींची लॉग फाइल जोडली. समोरच्याला हातात आयतंच मिळालं. त्याने पत्ता बदलून दिला, लॉगमधली डिस्कबद्दलची एक जुनी वॉर्निंग उचलली, ‘डिस्क तपासा’ म्हणाला आणि बंद. तीनपैकी एक काम झालंय, त्याच्या बाजूने तिकीट खरंच सोडवलेलं.

एका तिकिटात एकच प्रश्न, इथून पुढे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सापडलं. आमच्या नेटवर्कवाल्याने एसएसएचची ती ओळ बघितली आणि म्हणाला, “लहान पॅकेट जातंय, मोठं मरतंय, साइज वाढवत ping मार.” नुसत्या ping मध्ये ५६ बाइट डेटा असतो, हेडर धरून ८४. सपोर्टवाले आठवडाभर हेच ८४ बाइटचं पॅकेट पाठवून ०% लॉस म्हणतायत, आणि खोटं बोलत नाहीयेत ते. पोस्टाच्या पेटीतून कार्ड आत जातं म्हणून गादी पण जाईल असं समजण्यातला प्रकार.

पॅकेटचे तुकडे करू नका असं सांगून साइज वाढवत गेलो:

```
ping -M do -s 1422 -c 5 10.20.0.15   # 0% packet loss
ping -M do -s 1423 -c 5 10.20.0.15   # 100% packet loss
```

एका बाइटने सगळं बदलतं. १४२२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १४५०. म्हणजे दोन डेटा सेंटरच्या मधल्या रस्त्यावर १४५० पर्यंतचंच पॅकेट जातंय, आणि त्यांच्या सर्व्हिस डॉक्युमेंटमध्ये प्रायव्हेट नेटवर्कचा एमटीयू, म्हणजे सगळ्यात मोठ्या पॅकेटची साइज, १५०० असा स्पष्ट लिहिलाय. गायब झालेले बाइट बरोबर ५०, आणि हा आकडा बोलका आहे. व्हीएक्सलॅनने प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पाकिटात घातलं की आयपीव्ही४ वर बरोबर ५० बाइट जास्त लागतात. शनिवारी पहाटे त्यांनी प्रायव्हेट नेटवर्क व्हीएक्सलॅनवर नेलं असणार आणि खालच्या नेटवर्कमध्ये कुठेतरी तेवढी जागा वाढवायची राहिली. हा अंदाज आहे, पण पन्नासचा आकडा बघता पैज लावायला तयार आहे.

एरर का येत नाही तेही कळलं. मधे राउटर असता तर त्याने ‘पॅकेट मोठं आहे, लहान कर’ असा निरोप उलट पाठवला असता आणि सर्व्हरने आपोआप साइज कमी केली असती. इथे स्विचच्या पातळीवर पॅकेट गुपचूप टाकलं जातंय, निरोप कोणी देत नाही, पाठवणारा वाट बघत बसतो.

तिकीट ३ टाकलं. पाच ओळी, वरच्या दोन कमांड, बाकी काही नाही. मनात म्हणलं आता तर लहान मुलालाही कळेल. अकरा मिनिटांनी उत्तर: पॅकेट लॉस ०%, सर्व्हर रीस्टार्ट करा. शब्दन् शब्द तोच, पूर्णविरामाआधीची जास्तीची स्पेससुद्धा तीच. सोडवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावू दिला नव्हता, ते बरोबरच होतं. आज आपल्या सर्व्हरवर एमटीयू १४५० केला:

```
ip link set dev eth1 mtu 1450
```

बॅकअप पळाला. त्यांचं स्टोरेज आपल्या हातात नाही तरी चालतं, कारण टीसीपीमध्ये आपण कनेक्शन लावतानाच ‘माझ्याकडे एवढंच मोठं पाठव’ असं सांगतो आणि समोरचा ते पाळतो. बाहेरच्या कॉपीशिवाय नऊ रात्री गेल्या, १ तारखेपासून कालपर्यंत.

पण दोन टेस्ट सर्व्हर मुद्दाम १५०० वरच ठेवलेत, दोन्ही डेटा सेंटरमध्ये एक एक. सगळीकडे जुगाड लावला आणि उद्या कोणी म्हणालं ‘दाखवा बरं प्रॉब्लेम’ तर दाखवायला काहीच उरणार नाही. दर तासाला ह्या दोघांमध्ये १४२२ आणि १४२३ चा ping चालतो आणि निकाल फाइलमध्ये वेळेसकट जातो.

तिकीट ४ मध्ये लिहिलं की आम्ही आमच्या बाजूने तात्पुरतं मार्गी लावलंय, मूळ दुरुस्ती तुमची बाकी आहे. त्यांनी त्यातलं ‘मार्गी लावलंय’ तेवढं वाचलं. “आपली समस्या सुटल्याचं कळवल्याबद्दल धन्यवाद.” बंद.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवीन सर्व्हर घेतला, त्यांच्या इमेजमधून आला, एमटीयू अर्थात १५००, आणि पहिल्याच दिवशी लटकला. म्हणजे हे जुगाडावर सोडून देता येणार नाही, दर नवीन मशीनला कोणीतरी आठवणीने आकडा बदलायचा आणि एक दिवस कोणीतरी विसरणारच. तिकीट ५. येरे माझ्या मागल्या.

दुपारी वैतागून फोन केला. मुलगा चांगला होता, स्क्रिप्ट वाचून झाल्यावर जरा गप्पा मारल्यासारखं विचारलं की अरे हे नेटवर्क टीमकडे का जात नाही, तर त्याने जे सांगितलं ते ह्या सगळ्या नोंदींमध्ये सगळ्यात कामाचं आहे. त्यांच्या टूलमध्ये तिकीट नेटवर्क टीमकडे ढकलायला कारण निवडावं लागतं, नेटवर्कखाली कारण एकच, पॅकेट लॉस. ते निवडलं की टूल स्वतः ping मारतं, ०% आलं की ढकलायचं बटणच चालू होत नाही. “सर, मला समजतंय तुम्ही काय म्हणताय, पण मला पाठवताच येत नाही.” मग त्याच्याकडे उरतं काय तर तयार उत्तर चिकटवायचं आणि बंद करायचं, कारण उघडी तिकिटं त्याच्या नावावर मोजली जातात.

ह्या मुलावर चिडून काही होणार नाही. तो दार उघडू शकत नाही, त्याच्याकडे चावी नाही. चावी ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत जायला हवं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल तिकीट ५ ला उत्तर द्यायला गेलो तर जमेना. ‘सोडवलं’ झाल्यावर ठरावीक तासांनी तिकीट ‘बंद’ होतं, मग त्यावर लिहिलं की नवं तिकीट तयार होतं. तसं आपोआप तिकीट ६ जन्माला आलं, आधीचा काहीच इतिहास नसलेलं, नवा माणूस, पहिल्यापासून रामायण. तेही संध्याकाळपर्यंत बंद.

मॅडमसोबत बसलो. त्यांनी एक प्रश्न विचारला, “वरच्या माणसाला त्याच्या डॅशबोर्डवर आपलं काय दिसत असेल?” विचार केला तर सहा तिकिटं दिसतात, सगळ्यांना पंधरा मिनिटांच्या आत पहिलं उत्तर, सगळी त्याच दिवशी सोडवलेली. सगळं हिरवं. आपण त्यांचे आदर्श ग्राहक आहोत! म्हणजे ‘तुमचा सपोर्ट वाईट आहे’ असं लिहिलं तर तो डॅशबोर्ड बघणार आणि आपल्याला कटकटे समजणार. मेलने करायचं काम एवढंच, की ती सहा हिरवी तिकिटं एकाच दोऱ्यात ओवून ती एकच लाल आहेत हे दाखवायचं.

मग सहाही तिकिटं काढून वाचली, ओळ न् ओळ. प्रत्येकाची तारीख, आपण काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, किती वेळात बंद केलं, असा एका पानाचा तक्ता. तो करताना एक गोष्ट दिसली. तिसऱ्या तिकिटापासून पुढे आपल्या मेसेजमध्ये १४२२ हा आकडा अकरा वेळा आलाय. त्यांच्या एकाही उत्तरात एकदाही नाही. ‘आमचं कोणी वाचत नाही’ ही तक्रार झाली, हे मात्र मोजलेलं आहे, कोणीही स्वतः मोजून बघावं.

पाठवायचं कोणाला ह्यावर जरा चर्चा झाली. कोणी म्हणालं थेट एमडी. करारामागे जोडलेल्या पानात एस्कलेशनची उतरंड असते, सही केल्यावर ती कोणी उघडत नाही, ती उघडली. तीन पायऱ्या: सपोर्ट मॅनेजर, सपोर्टचे प्रमुख, ऑपरेशन्सचे प्रमुख. सपोर्ट मॅनेजरला तिकीट ४ नंतर मेल केला होता, त्याला पोच नाही. दुसरी पायरी वगळून तिसरी घ्यायची ठरली, कारण सपोर्टचे प्रमुख त्या बटणाचे मालक असतील पण नेटवर्कचे नाहीत, आणि ऑपरेशन्सखाली दोन्ही येतं. सीसीमध्ये सपोर्टचे प्रमुख आणि आपला अकाउंट मॅनेजर, बस. दहा जणांना सीसी केलं की प्रत्येकाला वाटतं बाकीचे नऊ बघतील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिला ड्राफ्ट लिहिला. नेटवर्कवाल्याने वाचला आणि म्हणाला, “भारी आहे, पाठवू नको.” दोन पानं होती. पहिला परिच्छेद आपण किती जुने ग्राहक ह्यावर, दुसऱ्यात ‘अक्षम्य’ हा शब्द दोनदा, व्हीएक्सलॅनचं लेक्चर तिसऱ्यात, आणि मागणी काय तर शेवटी ‘योग्य ती कारवाई व्हावी’. योग्य ती म्हणजे कुठली? त्यांना वाटेल माफीचा मेल पाठवला की झाली कारवाई.

काय काय कापलं ते लिहितो. एजंटची नावं काढली, कारण नावं दिली की वरचा माणूस त्या पोरांना झापतो, विषय संपला समजतो, आणि बटण तसंच बंद राहतं. व्हीएक्सलॅनचा अंदाज काढला. कारण शोधणं त्यांचं काम, आणि अंदाज चुकला तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही बोट ठेवायला जागा मिळते. नुकसान भरपाईचं क्रेडिट काढलं, ह्यावर मॅडमशी वाद झाला, पण पैशाचा शब्द आला की मेल बिलिंगकडे जातो आणि इंजिनिअरला कधी दिसतच नाही, क्रेडिट नंतर वेगळं मागू. ‘आम्ही दुसरीकडे जाऊ’ पण काढलं, खरंच जाणार नसू तर लिहू नये.

मागणी मात्र नेमकी केली. ह्यात मॅडमची एक सूचना मला आधी पटली नव्हती: दोन उत्तरं चालतील असं लिहायचं. एक तर १५०० परत द्या, नाहीतर १४५० हीच नवीन मर्यादा आहे असं लेखी द्या, म्हणजे आम्ही आमच्या सगळ्या सर्व्हरवर कायमचं बदलू. मला वाटलं हे कशाला, करारात १५०० आहे ना. पण दुसरा पर्याय दिला की त्यांना गप्प बसायला कारण उरत नाही, आणि लेखी १४५० देणं म्हणजे स्वतःचं डॉक्युमेंट चुकीचं म्हणणं, ते सहसा कोणी करत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेनऊला गेला. पूर्ण मेल इथे ठेवतो:

विषय: प्रायव्हेट नेटवर्क १ फेब्रुवारीपासून १५०० ऐवजी १४५० वर, सहा तिकिटं न सोडवता बंद, शुक्रवार २१ पर्यंत उत्तर हवं

सर, नमस्कार.

१ फेब्रुवारीच्या मेंटेनन्सनंतर आमच्या दोन डेटा सेंटरमधल्या प्रायव्हेट नेटवर्कवर १४५० बाइटपेक्षा मोठं पॅकेट जात नाही. आपल्या सर्व्हिस डॉक्युमेंटमध्ये १५०० दिलेलं आहे. त्यामुळे आमची बाहेरची बॅकअप कॉपी सलग ९ रात्री झाली नाही. सध्या आम्ही आमच्या बाजूने तात्पुरता उपाय केला आहे, पण आपल्या इमेजमधून येणारा प्रत्येक नवा सर्व्हर पुन्हा अडकतो.

तपासायला एक मिनिट लागतं. आमचे दोन टेस्ट सर्व्हर त्यासाठी तसेच ठेवले आहेत:

```
ping -M do -s 1422 10.20.0.15   # जातो
ping -M do -s 1472 10.20.0.15   # जात नाही, 1500 असेल तर जायला हवा
```

ह्याच एका प्रश्नावर सहा तिकिटं झाली, क्रमांक आणि तक्ता सोबत जोडला आहे. सहाही वेळा मूळ प्रश्न न सोडवता तिकीट त्याच दिवशी बंद झालं. वरचा १४२२ हा आकडा आम्ही अकरा वेळा लिहिला, एकाही उत्तरात त्याचा उल्लेख नाही. आमच्या माहितीप्रमाणे साध्या ping मध्ये लॉस दिसला नाही तर तिकीट नेटवर्क टीमकडे पाठवायची सोयच नाही. त्यामुळे ही कुणा एजंटबद्दलची तक्रार नाही.

शुक्रवार २१ फेब्रुवारीपर्यंत तीन गोष्टी हव्यात. नेटवर्क टीममधल्या एका इंजिनिअरचं नाव, ज्यांच्याकडे हा प्रश्न राहील. वरच्या चाचणीचा त्यांच्या बाजूचा निकाल. आणि १५०० परत कधी मिळेल ती तारीख, किंवा १४५० हीच आता मर्यादा आहे असं लेखी.

आमच्या लेखी होकाराशिवाय ह्यावरचं तिकीट बंद करू नये ही विनंती.

खाली सही, फोन नंबर. जोडलेलं एकच, तो एका पानाचा तक्ता. तासातासाचा ping लॉग मुद्दाम नाही जोडला, मागितला तर देऊ. फेब्रुवारी ५ चा धडा.

एक बारीक गोष्ट. मेलमध्ये १४२३ ऐवजी १४७२ लिहिला. आम्हाला १४२३ जास्त गोड वाटतो कारण नेमकी कड दाखवतो, पण वाचणाऱ्याला ‘१४७२ अधिक २८ बरोबर १५००’ हे पटकन जुळतं आणि डॉक्युमेंटमधला आकडाही तोच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उत्तर आलं. तिकीट ७. “प्रिय ग्राहक, आम्ही आपल्या सर्व्हरला ping करून बघितलं, पॅकेट लॉस ०%...”

हसावं का रडावं. काय झालं असेल ते उघड आहे, साहेबांच्या ऑफिसमधून कोणीतरी मेल सपोर्टच्या पत्त्यावर फॉरवर्ड केला, तिथे त्याचं आपोआप तिकीट झालं आणि मशीन फिरलं. नळी फुंकली सोनारे.

नेटवर्कवाला म्हणाला आता एमडी. मी म्हणलं थांब, साहेबांनी बहुतेक अजून वाचलेलंच नाही आणि हे उत्तर म्हणजे आपल्याला फुकट मिळालेला पुरावा आहे. नवीन मेल नाही लिहिला. कालच्याच मेलवर, त्याच तिघांना, तीन ओळींचं उत्तर: “सर, कालच्या मेलवर आज हे सातवं तिकीट तयार झालं आणि खालील उत्तर येऊन चाळीस मिनिटांत बंद झालं. तक्त्यात सातवी ओळ वाढवली आहे. कालच्या तिन्ही गोष्टी आणि शुक्रवारची तारीख तशीच आहे.” खाली त्यांचं उत्तर जसंच्या तसं.

मग अकाउंट मॅनेजरला फोन. त्याला तांत्रिक काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणलं तुमच्या साहेबांना गेलेल्या एस्कलेशनला सपोर्टचं तयार उत्तर आलंय आणि ते तुम्हाला सीसी आहे. पलीकडे दोन सेकंद शांतता. “बघतो मी.”

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी ऑपरेशन्स प्रमुखांचा स्वतःचा मेल, दोन ओळी. इंजिनिअरचं नाव दिलंय, उद्या फोन करतील. पहिली मागणी पूर्ण.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिनिअरचा फोन साडेअकराला. पहिलंच वाक्य, “१४७२ जात नाहीये, बघितलं मी.” आठवड्यांनंतर कोणाच्या तोंडून आकडा ऐकला, बरं वाटलं खरं. त्याने विचारलं की फक्त दोन डेटा सेंटरच्या मधेच का एकाच डेटा सेंटरच्या आतपण. हे आपण कधी तपासलंच नव्हतं! फोनवर असतानाच मारून बघितलं, आतल्या आत १४७२ बिनधास्त जातो. “मग मधल्या लिंकवरच आहे,” म्हणाला, “सोमवारपर्यंत सांगतो.” एकूण सहा मिनिटांचा फोन.

ही आतली चाचणी तिकीट ३ मध्येच असती तर? तरी बटण बंदच असतं, पण आपलं मेलमधलं वाक्य अजून धारदार झालं असतं. पुढच्या वेळी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं त्यांना. नेटवर्क खरंच व्हीएक्सलॅनवर गेलंय. सगळ्या स्विचवर मोठ्या पॅकेटची मर्यादा वाढवली होती, दोन डेटा सेंटर जोडणाऱ्या दोन लिंकपैकी एकीवर राहून गेली, आणि आपला ट्रॅफिक त्याच लिंकवरून जात होता. दुसऱ्या लिंकवरच्या ग्राहकांना काहीच त्रास नाही, म्हणून एवढे दिवस ओरडणारे आपण एकटेच. पैज जिंकलो, पण मेलमधून अंदाज काढला होता ह्याचं वाईट नाही वाटत, कारण ‘एका लिंकवर राहिलं’ हे मला सुचलं नव्हतं, मी सगळीकडेच राहिलं असं लिहिलं होतं ड्राफ्टमध्ये.

रात्री बदल करणार. तासाचा ping चालू आहेच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लॉगमध्ये १४२३ चा लॉस पहाटे दोनपर्यंत १००%, तीनपासून ०%. १४७२ जातोय, १४७३ वर लगेच स्थानिक एरर येतो की मेसेज मोठा आहे, जसा यायला हवा. टेस्ट सर्व्हरवर एसएसएच लगेच लागलं.

इंजिनिअरने विचारलं बंद करू का. मी म्हणलं शुक्रवारपर्यंत ठेवा, आधी चार सर्व्हर १५०० वर नेतो, दोन रात्रींचा बॅकअप बघतो, मग लेखी कळवतो. “ठेवतो” म्हणाला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बुधवार आणि गुरुवारचा बॅकअप नीट. सगळे सर्व्हर १५०० वर परत आणले. सर्व्हर लावायच्या स्क्रिप्टमध्ये मी १४५० ची ओळ घुसवली होती आणि कुठे लिहून ठेवली नव्हती, ती आज नशिबाने दिसली, काढली.

ऑपरेशन्स प्रमुखांना लेखी कळवलं, सुटलं, बंद करा, आणि इंजिनिअरचं नाव घेऊन आभार मानले. त्याच मेलमध्ये विचारलं की टूलमधल्या त्या बटणाचं काय. उत्तर आलंय, पॅकेट लॉसच्या खाली ‘मोठं पॅकेट जात नाही’ असं दुसरं कारण टाकतायत, तारीख दिली नाही. १० मार्चला आठवण करायची, कॅलेंडरमध्ये टाकलंय.

क्रेडिटचा अर्ज आज वेगळा केला, बिलिंगच्या पत्त्यावर, नऊ रात्रींचा. त्यांच्या एसएलएमध्ये नेटवर्क चालू आहे की नाही हे साध्या ping वरच मोजतात, त्यामुळे मिळायची आशा कमी आहे. बिलिंगने अकरा मिनिटांत तिकीट ८ उघडल्याचं कळवलंय.